कोपरा फाटलेला राजा कोणाचा? पत्त्यांतली आणि टॅरोतली चित्राची पानं ओळखण्याची रीत

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या ट्रंकेतून पत्त्यांचा एक जुना कॅट निघाला. उंदरांनी त्याचे कोपरे इतके नेमाने कुरतडले होते की चार पानांवर ना अक्षर उरलं होतं ना बदाम-किलवरची खूण. उरली होती फक्त चित्रं: एक दाढीवाला, एक बिनदाढीचा आणि दोन बायका. ही चार पानं कोणती, हे नुसत्या चित्रांवरून सांगता येईल का, असा प्रश्न भाचीने विचारला. तिघांची नावं लगेच सांगता आली, चौथ्या पानाने मात्र दाद दिली नाही. असं का झालं, ते पुढे सांगतो.

ही रीत टॅरोलाही, म्हणजे आज भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांनाही लागू पडते, कारण दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. पण एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. टॅरोत माणूस बसला आहे, उभा आहे की घोड्यावर आहे यावरून त्याचा दर्जा कळतो. आपल्या रोजच्या पत्त्यांत ही सोय नाही, कारण तिथे सगळ्यांना कमरेत कापून उलट-सुलट जोडलेलं असतं. म्हणून पत्त्यांत तोंड आणि हात पाहायचे, टॅरोत आधी बैठक पाहायची.

पहिलं काम: कॅट कोणत्या देशाचा आहे ते ठरवा

ही पायरी वगळली की पुढचं सगळं चुकतं. आपल्याकडे दुकानात मिळतात ते पत्ते इंग्रजी वळणाचे असतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चार चिन्हं फ्रेंच लोकांनी रूढ केली आणि इंग्लंडने ती फ्रान्समधल्या रुआँ गावच्या पत्त्यांवरून उचलली. चित्रंही तिथलीच. नंतर पिढ्यान् पिढ्या नकलेवरून नक्कल होत गेली आणि चित्रातल्या वस्तूंचे अर्थ पुसट झाले.

कोपऱ्यात अक्षर असेल तर त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. इंग्रजी कॅटवर राजा-राणी-गुलामासाठी के, क्यू, जे असतात. फ्रेंच कॅटवर आर, डी, व्ही असतात, त्यात व्ही म्हणजे ‘व्हॅले’, म्हणजे नोकर, आपला गुलाम. पण डच कॅटवर तेच व्ही अक्षर ‘व्रौ’ म्हणजे बाईसाठी, राणीसाठी येतं. तिथे राजाला एच आणि गुलामाला बी. परदेशातून आलेल्या कॅटमध्ये व्ही दिसला की आधी चित्रातली व्यक्ती बाई आहे की तरुण मुलगा ते पाहावं आणि मगच बोलावं. इंग्रजीतही गुलामाला पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत आणि ‘केएन’ असं लिहीत. हातात पंख्यासारखी पानं धरली की ते राजाच्या ‘के’सारखंच दिसे, म्हणून त्याच्या जागी ‘जे’ आला.

जर्मन कॅटमध्ये राणीच नसते. राजाखाली ‘ओबर’ आणि ‘उंटर’ असे दोन पुरुष असतात. ओबर म्हणजे वरचा, उंटर म्हणजे खालचा. ओबरच्या पानावर चिन्ह वरच्या बाजूला असतं, उंटरच्या पानावर खालच्या बाजूला. चिन्हंही वेगळी: ओकचं फळ, पान, बदाम आणि घुंगरू. एवढं दिसलं की इंग्रजी नियम बाजूला ठेवायचे.

इंग्रजी वळणाची बारा चित्रं

आधी दर्जा ठरवू. राजाला दाढी आणि मुकुट असतो, हाती शस्त्र असतं. राणीच्या हातात फूल असतं. गुलाम बिनदाढीचा, टोपीवाला, लांब केसांचा. केस लांब आहेत म्हणून गुलामाला राणी समजण्याची चूक लहान मुलं हमखास करतात. फूल शोधा, की ती चूक होत नाही.

आता यातला कोण कोणता? इथे सर्वांत उपयोगी खूण म्हणजे चेहऱ्याची दिशा. बारा चित्रांपैकी तिघांचाच चेहरा पूर्ण बाजूने काढलेला असतो, म्हणजे एकच डोळा दिसतो: चौकटचा राजा, बदामचा गुलाम आणि इस्पिकचा गुलाम. एका डोळ्याचा दाढीवाला दिसला की तो चौकटचाच राजा. त्याच्याजवळ कुऱ्हाड असते, बाकीच्या तिन्ही राजांकडे तलवार. दोन खुणा एकमेकींना दुजोरा देतात, म्हणून बारा पानांत हे सर्वांत खात्रीचं पान आहे.

बदामचा राजा दुसऱ्या तऱ्हेने वेगळा. त्याला दाढी आहे पण मिशा नाहीत आणि तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी दिसते. इंग्रजीत त्याला आत्महत्या करणारा राजा म्हणतात आणि त्यावर भावनिक गोष्टी रचल्या जातात. खरं कारण छापखान्यातलं आहे. मुळात त्याच्या हातात कुऱ्हाड होती. नक्कल करता करता तिचं पातं चित्राच्या चौकटीबाहेर गेलं, नुसता दांडा उरला, आणि पुढच्या कोरणाऱ्याने त्याची तलवार केली.

उरले इस्पिक आणि किलवरचे राजे. दोघांच्या तलवारी सरळ उभ्या. किलवरच्या राजापाशी एक गोळा असतो, वर क्रूस असलेला, राजसत्तेचं चिन्ह. तो दिसला तर किलवर, नाहीतर इस्पिक. मात्र स्वस्त छपाईत हा गोळा कपड्यांच्या नक्षीत हरवतो, तेव्हा भिंग घ्या.

एका डोळ्याच्या दोन गुलामांपैकी बदामच्या गुलामाच्या हातात झाडाचं पान असतं. (मराठीत सांगताना गंमत होते: पानातल्या गुलामाच्या हातात पान.) इस्पिकच्या गुलामाच्या हातात पीळ दिलेली एक वस्तू असते. ती काय आहे यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आकार लक्षात ठेवला की झालं. चौकट आणि किलवरचे गुलाम दोन्ही डोळ्यांनी पाहतात, आणि त्यांची शस्त्रं एका छापखान्यागणिक इतकी बदलतात की चिन्ह गेलं असेल तर त्याच कॅटच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी तरी नाव घेत नाही.

राण्यांत एकच सोपी: इस्पिकची. फुलासोबत राजदंड फक्त तिच्याकडे असतो. बाकीच्या तिघींकडे नुसतं फूल.

आता ट्रंकेतल्या चार पानांकडे वळू. दाढीवाल्याचा एकच डोळा, बाजूला कुऱ्हाड: चौकटचा राजा. बिनदाढीच्याचाही एकच डोळा, हातात झाडाचं पान: बदामचा गुलाम. पहिल्या बाईजवळ फूल आणि राजदंड: इस्पिकची राणी. दुसरीकडे नुसतं फूल, म्हणजे ती बदाम, चौकट किंवा किलवर, तिघींपैकी कोणीही. चित्र इथेच थांबतं. मग आम्ही उरलेली पानं चार ढिगांत लावली. बदाम आणि किलवरच्या राण्या आपापल्या ढिगात सापडल्या, म्हणजे ही चौकटची. वजाबाकी ही काही चित्रवाचनाची विद्या नव्हे, पण कॅट पुरा असेल तर तिच्याइतका पक्का पुरावा नाही.

राजाचं खरं नाव काय?

बदामचा राजा म्हणजे शार्लमेन, इस्पिकचा म्हणजे दावीद, चौकटचा सीझर, किलवरचा अलेक्झांडर, अशी यादी सगळीकडे फिरत असते. ती पूर्ण खोटी नाही, पण चुकीच्या कॅटला चिकटवलेली आहे. पॅरिसच्या वळणाच्या फ्रेंच पत्त्यांवर ही नावं खरोखर छापलेली असतात. राण्यांनाही असतात: इस्पिकची पालास, बदामची ज्युडिथ, चौकटची राशेल, किलवरची आर्जिन. गुलाम अनुक्रमे ओजिए, ला हिर, हेक्टर आणि लान्सलॉट. आपल्या इंग्रजी कॅटवर कोणतंही नाव नाही, आणि तो पॅरिसवरून नव्हे तर रुआँवरून आला आहे. म्हणून आपल्या बदामच्या राजाला ‘बदामचा राजा’ एवढंच म्हणावं. पानावर नाव छापलेलं असेल तरच व्यक्तीचं नाव घ्यावं.

टॅरो: आधी वरची कड पाहा

टॅरोचा उगम पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला, आणि सुरुवातीला तो खेळच होता. भविष्य पाहण्यासाठी त्याचा वापर पुष्कळ नंतर सुरू झाला. आज पुण्या-मुंबईत कोणी टॅरो कॅट दाखवला तर तो बहुधा 1909 साली लंडनमध्ये रायडर कंपनीने काढलेल्या कॅटचा किंवा त्याच्या नकलेचा असतो. कल्पना ए. ई. वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. मी इथे त्याच कॅटबद्दल बोलतो आहे.

यात चिन्हं चार: काठी (वाँड), पेला (कप), तलवार (स्वोर्ड) आणि नाणं (पेंटॅकल). प्रत्येकात चौघे: पेज, नाइट, क्वीन, किंग. म्हणजे राजदरबाराची सोळा चित्रं. नाव पानाच्या तळाशी छापलेलं असतं, म्हणून सगळं पान समोर असेल तर काही करावंच लागत नाही. अडचण येते ती कापलेल्या फोटोत, किंवा नावं न छापलेल्या नकली कॅटमध्ये.

फोटो तळाशी कापला असेल तर वरची कड पाहा. वर रोमन आकडा असेल तर ते राजदरबारातलं पान नाही, मग चित्रात कोणी कितीही थाटात बसलेलं असो. ही एक सवय निम्म्या चुका वाचवते. घोड्यावर पुष्पहार घेतलेला स्वार आणि हाती काठी पाहून लोक ‘नाइट ऑफ वाँड्स’ म्हणतात, आणि वर सहाचा आकडा असतो: ते काठ्यांचं सहावं पान. मुकुट घातलेला, नाणं छातीशी धरून बसलेला माणूस किंग नव्हे, तो नाण्यांचा चौका. एक्क्यावरही आकडा नसतो, पण तिथे माणूस नसतोच, ढगातून आलेला हात असतो.

बैठक पाहून दर्जा

पेज उभा असतो आणि हातातल्या वस्तूकडे किंवा तिच्या आजूबाजूला पाहत असतो. नाइट घोड्यावर, चिलखतात. क्वीन आणि किंग सिंहासनावर. दाढी हा किंगचा पुरावा मानू नका, या कॅटमध्ये सगळे किंग दाढीवाले नाहीत. मुकुट, कपड्यांचा घेर आणि चेहरा एकत्र पाहावा लागतो.

बसलेला राजा आणि घोड्यावरचा त्याच्याखालचा माणूस, ही मांडणी आपल्याला परकी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांची बारा-बारा गोल पानं असतात, एकूण 120. त्यात प्रत्येक अवताराचा राजा आणि प्रधान अशी दोन चित्रं येतात, आणि प्रधान बहुधा घोड्यावर दाखवतात. तिथेही राणी नाही.

बैठकीचा नियम कुठे फसतो तेही सांगतो. स्पॅनिश पत्त्यांत राजा बसत नाही, उभा असतो, आणि ‘सोता’ म्हणजे गुलामही उभाच. तिथे मुकुट पाहायचा, किंवा सरळ आकडा वाचायचा: सोता 10, घोडेस्वार 11, राजा 12. त्या पत्त्यांत आणखी एक नामी युक्ती आहे. चौकटीच्या आडव्या रेघेत मुद्दाम खंड ठेवलेले असतात: नाण्यांच्या पानावर एकही नाही, पेल्याच्या पानावर एक, तलवारीच्या पानावर दोन, काठीच्या पानावर तीन. हातात पानं अगदी किंचित उघडली तरी खेळाडूला चिन्ह कळतं. दुसरा अपवाद म्हणजे क्रौली या इंग्रज गूढवाद्याचा ‘थॉथ’ नावाचा टॅरो कॅट. त्यात किंग नावाचं पानच नाही. घोड्यावरचा नाइट तिथे सर्वांत वरचा, मग सिंहासनावरची क्वीन, रथातला प्रिन्स आणि उभी प्रिन्सेस. रथ दिसला की समजावं, हा रायडरचा कॅट नव्हे.

चिन्ह झाकलं असेल तर

दर्जा कळला, आता चिन्ह. हातातली वस्तू दिसत असेल तर प्रश्न नाही, फक्त एका फसगतीपासून जपा. पेल्यांच्या आणि नाण्यांच्या किंगकडे आखूड राजदंडही असतो. तो काठी समजून लोक ‘किंग ऑफ वाँड्स’ म्हणून मोकळे होतात. वाँडची काठी ओबडधोबड आणि कोवळी पानं फुटलेली असते. पानं नसतील तर ती वाँड नाही.

वस्तू झाकली गेली असेल तर कपडे, सिंहासन आणि पार्श्वभूमी वाचायची. काठी म्हणजे अग्नी, पेला म्हणजे जल, तलवार म्हणजे वायू, नाणं म्हणजे पृथ्वी, अशी जोडणी करून चित्रकर्तीने प्रत्येक दरबाराला आपापले प्राणी दिले आहेत. (आकाश तेवढं राहिलं.) काठीवाल्या पुरुषांच्या अंगरख्यावर सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी, विणलेला असतो, कारण तो आगीत राहतो असं जुन्या युरोपात मानत. पेलेवाल्यांजवळ मासे आणि पाणी. तलवारवाल्यांकडे फुलपाखरं, पक्षी, वाऱ्याने वाकलेली झाडं. नाणेवाल्यांकडे बैल, बोकड, द्राक्षवेली आणि नांगरलेली जमीन.

चार नाइट तर नुसत्या घोड्यावरून ओळखता येतात. तलवारीच्या नाइटचा घोडा चौखूर उधळलेला. काठीच्या नाइटचा मागच्या पायांवर उठलेला. पेल्याच्या नाइटचा सावकाश पावलं टाकणारा. नाण्याच्या नाइटचा काळा, दणकट घोडा खांबासारखा स्थिर उभा. स्वाराचा वरचा अर्धा भाग कापला गेला तरी पायांवरून उत्तर मिळतं.

चार क्वीनना प्रत्येकी एक हुकमी खूण आहे. काठीच्या क्वीनपुढे काळं मांजर आणि हातात सूर्यफूल. पेल्याच्या क्वीनचा पेला झाकणाचा, सगळ्या कॅटमध्ये तसा दुसरा पेला नाही. नाण्याच्या क्वीनच्या पायाशी एका कोपऱ्यात ससा, जो फोटोत नेहमी कापला जातो. तलवारीची क्वीन पूर्ण बाजूने बसलेली आणि डावा हात पुढे उचललेला.

किंगमध्ये पेल्याचा किंग सोपा, कारण त्याचं सिंहासन समुद्रावर आहे. मागे जहाज, पाण्यातून उसळणारा मासा. नाण्याच्या किंगच्या सिंहासनावर बैलांची मुंडकी आणि कपड्यांवर द्राक्षं. इथे ‘एम्परर’ या दरबाराबाहेरच्या, आकडा असलेल्या पानाशी घोटाळा होतो, त्याच्या सिंहासनावरही प्राण्यांची मुंडकी आहेत, पण ती मेंढ्याची. मेंढ्याची शिंगं वळलेली असतात, आणि वर चौथ्याचा रोमन आकडा असतो. काठीचा किंग एका बाजूला वळून बसलेला, त्याच्याजवळ जमिनीवर एक जिवंत सॅलमँडर. तलवारीचा किंग थेट आपल्याकडे पाहतो.

पेजमध्ये पेल्याचा सोपा: पेल्यातून मासा डोकावतो आहे. काठीच्या पेजमागे पिरॅमिडसारखे डोंगर. पण ते काठीच्या नाइटमागेही आहेत, म्हणून आधी घोडा आहे का ते पाहावं. तलवारीचा पेज दोन्ही हातांनी तलवार धरून वाऱ्यात उभा, नाण्याचा पेज हिरव्या माळावर नाणं वर धरून.

एक कापलेला फोटो

मैत्रिणीने पाठवलेला फोटो असा होता: सिंहासनावर बसलेली व्यक्ती, हातात उभी तलवार, तळाची पट्टी कापलेली. तिच्या मते ते ‘जस्टिस’चं पान होतं. तलवार पाहून असं वाटणं साहजिक आहे.

वरची कड शाबूत होती आणि तिच्यावर आकडा नव्हता. जस्टिसच्या पानावर अकरा हवेत. इथेच ते बाद झालं, तरी खात्रीसाठी पुढे पाहिलं. जस्टिस समोर तोंड करून दोन खांबांमध्ये बसते आणि तिच्या डाव्या हातात तराजू असतो. इथे खांब नव्हते, डावा हात रिकामा आणि उचललेला होता, मनगटाला गोंडा. राहिले तलवारीचे क्वीन आणि किंग. चेहरा पूर्ण बाजूने होता, तेव्हा समोर पाहणारा किंग गेला. मुकुट भिंगाखाली पाहिला तर फुलपाखरांचा बनलेला. वर आभाळात एकटा पक्षी.

‘क्वीन ऑफ स्वोर्ड्स’, मी उत्तर पाठवलं. तिने दहा मिनिटांनी पूर्ण फोटो धाडला. नाव जुळत होतं, पण तिचा पुढचा प्रश्न होता की मग या पानाचा अर्थ काय. त्यावर मी तिला सांगितलं की मला फक्त माणसं ओळखता येतात.